शेवटच्या खुर्चीवरून दिसणारी स्लाइड

(डोळ्यांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांच्या मेळाव्यात एका ऑप्टोमेट्रिस्टने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘वेटिंगमधल्या टीव्हीवर एका स्लाइडला किती सेकंद द्यावेत’. तिथवर मी येणार आहे. पण सेकंदांचा हिशोब अक्षराच्या उंचीतून निघतो आणि उंची निघते शेवटच्या खुर्चीवरून, म्हणून आधी त्या खुर्चीवर बसू.

आमच्या दवाखान्यात ४३ इंची टीव्ही आहे. समोर खुर्च्यांच्या चार रांगा, आणि शेवटची खुर्ची टीव्हीपासून साडेचार मीटरवर, म्हणजे पंधरा फुटांवर. तिथे बसणारा माणूस कोण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वय साठीच्या पुढे, मोतीबिंदू एका डोळ्यात पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला. बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, आणि डोळे पुसता यावेत म्हणून चष्मा काढून खिशात ठेवलेला. असा माणूस अर्धा तास एका जागी बसतो आणि समोर टीव्हीशिवाय बघायला काही नसतं. इतका सलग वेळ त्याला आपण तपासणीच्या खोलीतही देत नाही.

आता एक प्रसंग सांगते. तो थोडा लांबेल, पण मी हे काम मनावर घेतलं ते त्याच्यामुळे.

तेव्हा आमच्या टीव्हीवर एका औषध कंपनीकडून तयार आलेल्या स्लाइड्स फिरायच्या. एका स्लाइडवर वर मथळा, ‘मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी’, आणि खाली पाच ओळी. हात स्वच्छ धुवा. डोळा चोळू नका. दोन्ही बाटल्यांतले औषध वेळेवर घाला. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवा. डोळा लाल झाल्यास, दुखल्यास किंवा नजर कमी झाल्यास त्वरित संपर्क साधा. मजकुरात चूक काढायला जागा नव्हती. स्लाइड आठ सेकंद टिकायची.

एक आजोबा ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर आले होते. ते ओठ हलवत, पुटपुटत वाचायचे, आपल्याकडे कितीतरी माणसं तशीच वाचतात. मी रजिस्टर घेऊन जवळच उभी होते. त्यांनी मथळा वाचला, हात धुवायचं वाचलं, ‘दोन्ही बाटल्यांतले औषध’ इथवर आले आणि स्लाइड बदलली. ते मुलीला म्हणाले, “अगं, अर्धंच राहिलं.” ती म्हणाली, “येईल परत, बाबा.” ते वाट बघत बसले. स्लाइड परत यायच्या आत त्यांचं नाव पुकारलं गेलं.

आठवड्यानं ते पुन्हा आले. दोन्ही बाटल्यांतले थेंब ते अगदी वेळेवर घालत होते, पण एकामागोमाग एक, मध्ये मिनिटही न थांबता. म्हणजे पहिलं औषध दुसऱ्यानं धुऊन निघत होतं. सुदैवानं डोळ्याला काही झालं नाही. पण स्लाइडच्या खालच्या दोन ओळी, पाच मिनिटं थांबण्याची आणि धोक्याच्या खुणांची, त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. आठ सेकंदांत त्या ओळींपर्यंत पोचणारा माणूस आमच्या वेटिंगमध्ये बसतच नाही.

त्याच संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं, माझ्या डोळ्यांत थेंब घाला. घरी सोडायला भावाला बोलावून ठेवलं होतं. अर्ध्या तासानं मी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. माझी नजर चांगली आहे, तरी पहिली गोष्ट कळली ती ही, की पांढरी स्लाइड बघवत नाही. मोठ्या झालेल्या बाहुलीतून इतका उजेड आत येतो की काळी अक्षरं त्यात विरघळतात. मोतीबिंदूवाल्याला तर गढूळ भिंगामुळे हाच उजेड डोळाभर पसरून दिसतो. म्हणून आमच्या स्लाइड्स आता गडद निळ्या आहेत आणि अक्षरं पांढरी, जाड. शाळेतला काळा फळा आठवा, तसं. मात्र टीव्हीसमोर खिडकी असेल तर गडद स्लाइडचा आरसा होतो, आणि पेशंटला स्लाइडऐवजी खिडकीतला रस्ता दिसतो. आम्हाला त्या खिडकीला जाड पडदा लावावा लागला. पडदा शक्य नसेल तर टीव्हीची भिंत बदला.

आता उंची. स्नेलेननं १८६२ मध्ये तक्ता काढला, त्याचं गणित तुमच्या रोजच्या वापरातलं आहे. सहा मीटरवर ६/६ चं अक्षर पावणेनऊ मिलिमीटरचं. साडेचार मीटरवर ते साडेसहा होतं. आपला पेशंट ६/१८ धरा, म्हणजे तिप्पट, वीस मिलिमीटर. पण हे जेमतेम ओळखू येणारं अक्षर आहे. तक्त्यावर एकेक अक्षर ओळखणं वेगळं आणि वाक्य वाचणं वेगळं. तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर माणूस किती अडखळतो, ते आपण दिवसभर ऐकतोच. सलग वाचायचं तर निदान दुप्पट हवं. चाळीस मिलिमीटर.

हे स्लाइडवर कसं आणायचं? इथे ४३ इंची टीव्हीची एक सोय आहे. पडद्याची उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटर असते आणि पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ५४० पॉइंट उंच. म्हणजे एक पॉइंट जवळजवळ एक मिलिमीटर. पण ४० पॉइंट घेऊन थांबू नका. तो आकडा अख्ख्या ओळीचा असतो. त्यात वरच्या वेलांटीची, रफाराची आणि खालच्या उकाराची जागाही येते. शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अक्षर त्याहून बरंच लहान भरतं. मी टीव्हीला पट्टी लावून मोजलं. आमच्या फॉन्टात ७२ पॉइंटचं अक्षर ४२ मिलिमीटर भरलं. कंपनीची स्लाइड २८ पॉइंटची होती, ते अक्षर भरलं सोळा. आजोबा तिसऱ्या ओळीपर्यंत तरी वाचू शकले ते पहिल्या रांगेत होते म्हणून.

मागच्या रांगेतल्यांनी जरा हात वर करा. हा कागद दिसतोय? यावर ४२ मिलिमीटरचा ‘क’ आहे. दिसतोय ना? आणि हा सोळाचा. बघा, तुमच्या डोळ्यांत थेंब नाहीत, तरी तुम्ही पुढे वाकलात!

जाता जाता फॉन्टाचं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली जुनी स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोड मजकूर वाचता येतो, पण तुमचा फॉन्ट तिथे नसेल तर दुसरा येतो, ओळी वेगळ्या तुटतात आणि शेवटची ओळ खाली सांडते. आणि ओळींमधलं अंतर ‘Exactly’ वर घट्ट बांधू नका, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर चढतात.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. आता सेकंद भराभर सांगते.

७२ पॉइंटात, चारही कडांना टीव्ही कापेल म्हणून वीस भागांतला एक भाग मोकळा सोडून, एका स्लाइडवर चार-पाच ओळी बसतात आणि ओळीत तीन-चार शब्द. म्हणजे पंधरा शब्द, आणि मथळ्याला जागाच नाही. ते बरंच झालं. आजोबांच्या स्लाइडच्या आता वेगवेगळ्या स्लाइड्स झाल्या. त्यातली एक अशी: ‘एका बाटलीतला थेंब घातला की पाच मिनिटं थांबा. मग दुसऱ्या बाटलीतला घाला.’ बारा शब्द. आमच्या मावशींना, त्या सातवीपर्यंत शिकल्यात, मी ती पुटपुटत वाचायला सांगितली आणि घड्याळ लावलं. बारा-तेरा सेकंद लागले. शब्दाला एक सेकंद, हा हिशोब तिथून आला. वर चार सेकंद द्या, कारण स्लाइड बदलली तेव्हा पेशंट खाली बघत असतो, मान वर करून नजर लागायला वेळ जातो. म्हणून या स्लाइडला सोळा, आणि पंधरा शब्दांच्या स्लाइडला एकोणीस-वीस.

बारा स्लाइड्स, वीस-वीस सेकंद, चार मिनिटांचा फेरा. थेंब घालून अर्धा तास बसणाऱ्याला, मध्ये दोनदा उठावं लागलं तरी, प्रत्येक स्लाइड तीन-चार वेळा भेटते. धोक्याच्या खुणांची स्लाइड आम्ही फेऱ्यात दोनदा घातली आहे. फेऱ्यात माणूस कुठूनही शिरतो, म्हणून ‘मागे सांगितल्याप्रमाणे’ किंवा ‘पुढे पाहा’ असं कुठेही लिहू नका. एकेक ओळ सरकत आणणारं अ‍ॅनिमेशनही नको, त्यात शेवटच्या ओळीला सगळ्यांत कमी वेळ मिळतो.

सेटिंग असं: Transitions मध्ये On Mouse Click ची खूण काढा, After ला सेकंद भरा, हे प्रत्येक स्लाइडला. मग Set Up Slide Show मध्ये Browsed at a kiosk निवडा. यात एक खड्डा आहे. एकाही स्लाइडचा After रिकामा राहिला तर फेरा तिथेच अडकतो आणि माऊस दाबूनही पुढे जात नाही. आम्ही सुट्टीची सूचना दुसऱ्या फाइलमधून चिकटवली होती, ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटीच झळकत राहिली. पेनड्राइव्हसाठी Create a Video ने फिल्म केलीत तर फॉन्टाचा प्रश्न मिटतो. पण तिथे वेळ न भरलेल्या स्लाइडला आपोआप पाच सेकंद मिळतात. ती अडकत नाही, नुसती चमकून जाते, त्यामुळे लक्षात यायला जास्त दिवस लागतात. स्लाइड्सचे फोटो करून टीव्हीवर फिरवू नका, तिथे बहुतेक टीव्ही सगळ्या फोटोंना एकच वेळ देतात.

म्हणून एखादी स्लाइड बदलली की सोमवारी पहिला पेशंट यायच्या आधी आमच्यापैकी एक जण शेवटच्या खुर्चीवर बसून दोन पूर्ण फेरे बघते. आठ मिनिटं, हातात घड्याळ, आणि प्रत्येक स्लाइड ओठ हलवत वाचायची.