गोळ्यातला बोगदा आणि झुलणारा मणी

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. आज फक्त एक गोळा आणि एक मणी एवढ्यावरच बोलायचे आहे.

गोळा 10 सेंटिमीटर त्रिज्येचा. त्यावर 1 मायक्रोकूलंब धन प्रभार आहे आणि तो नुसता पृष्ठभागावर नाही, आतपर्यंत सगळीकडे सारखा भरलेला आहे. गोळ्याच्या केंद्रातून आरपार एक अरुंद, आडवा बोगदा पाडलाय. बोगद्याच्या तोंडाशी 1 मिलिग्रॅम वजनाचा, मोहरीहून लहान मणी धरलाय आणि त्यावर 0.1 नॅनोकूलंब ऋण प्रभार आहे. मणी सोडला, तर काय होईल?

तो आत ओढला जाईल, हे उघड आहे. पण कसा? बारावीचा विद्यार्थी इथे पटकन म्हणतो की केंद्राजवळ जाताना अंतर कमी होते, म्हणजे बल वाढणार. तो एक गोष्ट विसरतो. मणी आत शिरला की त्याच्या बाहेरच्या बाजूला राहिलेल्या कवचाचा परिणाम शून्य होतो. कवचातला जवळचा भाग थोडा पण जवळ, पलीकडचा भाग खूप पण लांब, आणि दोघांची ओढ एकमेकांना तंतोतंत खोडते. उरतो फक्त मण्याच्या आतल्या बाजूचा छोटा गोळा. त्यातला प्रभार अंतराच्या घनाप्रमाणे घटतो, बलाच्या सूत्रात भागायचे असते अंतराच्या वर्गाने. घनाला वर्गाने भागले की उरते नुसते अंतर. म्हणजे बल अंतराच्या प्रमाणात आणि दिशा कायम केंद्राकडे. ताणलेल्या स्प्रिंगचा नियम हाच. म्हणून मण्याची गती सरल हरात्मक.

आता आकडे. तोंडाशी मण्यावर बल येते 90 मायक्रोन्यूटन. कोनीय वारंवारतेचा वर्ग काढायला कूलंबचा स्थिरांक, गोळ्याचा प्रभार आणि मण्याचा प्रभार यांचा गुणाकार करायचा आणि त्याला मण्याचे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा घन याने भागायचे. उत्तर येते 900. त्याचे वर्गमूळ 30, आणि आवर्तकाल 0.21 सेकंद. केंद्रातून जाताना मण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर. कोणाचे उत्तर 209 सेकंद आले असेल, तर त्याने त्रिज्या सेंटिमीटरमध्येच ठेवली. घनामुळे ती चूक दहा लाख पटींची होते, वर्गमुळानंतर हजार पटींची.

मणी तोंडापासून न सोडता केंद्रापासून 5 सेंटिमीटरवर सोडला, तर बल निम्मे, कमाल वेगही निम्मा, पण आवर्तकाल तोच 0.21 सेकंद. मात्र मणी बोगद्याच्या बाहेरून सोडला, तर हे सगळे मोडते. बाहेर बल वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मणी तेव्हाही येरझाऱ्या घालतो, पण जितका लांबून सोडाल तितका वेळ वाढत जातो. त्याला हरात्मक म्हणता येत नाही.

दोन चुका इथेच सांगून टाकतो. गोळा धातूचा घेतला, तर प्रभार पृष्ठभागावर पळतो, आत क्षेत्र उरत नाही आणि मण्याला झुलायला कारणच राहत नाही. आणि मणी धन प्रभाराचा घेतला, तर केंद्र हे दरीचा तळ न राहता टेकडीचा माथा होते. मणी जरासा हलला की बाहेर फेकला जाणार.

वजनाचे काय? बोगदा उभा केला, तर मण्याचे वजन, सुमारे 10 मायक्रोन्यूटन, झोक्याचा मध्य 1.1 सेंटिमीटर खाली सरकवते. आवर्तकाल बदलत नाही. पण तेवढ्याच प्रभाराचा मणी 10 मिलिग्रॅमचा घेतला, तर त्याचे वजन 98 मायक्रोन्यूटन, आणि गोळ्याची जास्तीत जास्त ओढ 90. मणी खालच्या तोंडातून सरळ पडून जाईल. बरे, प्रभार दसपट करून हे सावरावे, तर एवढ्याशा मण्याजवळची हवाच ठिणगी टाकून तो प्रभार गिळते.

आता खरी मजा. आडवा बोगदा केंद्रातून न पाडता केंद्राच्या 6 सेंटिमीटर खालून पाडा. त्याची अर्धी लांबी 8 सेंटिमीटर भरते, पायथागोरसचा 6-8-10चा त्रिकोण. केंद्राकडच्या ओढीचे दोन भाग पडतात. बोगद्याच्या दिशेचा भाग पुन्हा मध्यापासूनच्या अंतराच्याच प्रमाणात, आणि प्रमाणही तेच. म्हणून आवर्तकाल तोच, 0.21 सेकंद. दुसरा भाग मण्याला छताशी दाबतो. गंमत अशी की हा दाब पूर्ण प्रवासात बदलत नाही: 54 मायक्रोन्यूटन, कारण केंद्रापासूनचे लंब अंतर बदलत नाही. त्यातून वजनाचे 10 वजा केले, तर उरतात 44.

दाब स्थिर म्हणजे घर्षणही स्थिर. घर्षणगुणांक 0.2 धरला, तर प्रत्येक अर्ध्या फेरीत परमप्रसर जवळपास 2 सेंटिमीटरने घटतो. 8 वरून सुटलेला मणी पलीकडे 6 वर थांबतो, परत येतो 4 वर, मग 2 वर, आणि मग जवळजवळ मध्यावरच चिकटून बसतो. चार अर्ध्या फेऱ्या, 0.42 सेकंदात खेळ संपला. अशी सारख्या पायऱ्यांनी होणारी घट दिसली, तर कोरडे घर्षण समजावे. हवेचा विरोध असता, तर घट आधी मोठी आणि पुढे लहान होत गेली असती.

एक गोष्ट मात्र बहुतेक उदाहरणसंग्रह गिळून टाकतात. गोळ्यात प्रभार जागच्या जागी राहायचा, तर तो निरोधकाचाच हवा, आणि निरोधक आतले क्षेत्र कमी करतो. अरुंद बोगद्यात, भिंतीलगतच्या दिशेने, तेच कमी झालेले क्षेत्र मिळते. पॉलिथीनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण 2.25, त्याचे वर्गमूळ दीड. म्हणजे केंद्रातून जाणाऱ्या बोगद्यात आवर्तकाल 0.21 वरून 0.31 सेकंदांवर जातो. शिवाय भिंती मण्याला आपल्याकडे किंचित ओढतात, म्हणून मणी बोगद्याच्या मधोमध राहत नाही.

हे गणित एकेकाळी अणूवरच लावून पाहिले गेले. 1904 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी अणू म्हणजे सारखा पसरलेला धन प्रभार आणि त्यात फिरणारे इलेक्ट्रॉन, असे चित्र मांडले. इथे बोगदाही नको, इलेक्ट्रॉन त्या प्रभारातून मोकळा जातो. हायड्रोजनसाठी एकच इलेक्ट्रॉन आणि 1 अँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग एवढी त्रिज्या घ्या. आपल्याच सूत्राने वारंवारता येते सेकंदाला सुमारे 2.5 गुणिले दहाचा पंधरावा घात, तरंगलांबी सुमारे 118 नॅनोमीटर. जंबुपार प्रकाश, पण रेषा एकच, कारण आवर्तकाल परमप्रसरावर अवलंबून नाही. हायड्रोजनच्या दिव्यात मात्र 656 नॅनोमीटरची तांबडी, 486 ची निळसर हिरवी, 434 ची जांभळी अशी रेषांची रांग दिसते. तांबडी जुळवायला त्रिज्या 3.1 अँगस्ट्रॉम केली, तरी मिळते ती एकटी तांबडीच. बाकीच्या रेषांना त्या गोळ्यात जागा नव्हती.