गाभारा, शिखर आणि मागची वाट

अध्यक्ष महोदय, मंडळाचे सर्व पदाधिकारी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेले होते. हाथी पोलच्या चढावर चतुर्भुज मंदिरापाशी आपण सगळेच थांबतो, कारण तिथला शून्याचा आकडा मुलांना दाखवायचा असतो. नातीने आकडा पाहिला आणि मग आतल्या अंधाराकडे बोट करून मला विचारले, "आजी, देवाला खिडकी का नाही?" मी घाईत काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही आणि घरी आल्यावर मलाही पटेना. त्याच आठवड्यात आमच्या घरात आपल्या वसाहतीतल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा नकाशा पसरला होता. त्या नकाशात गाभाऱ्याच्या तीन भिंतींच्या जागी काच दाखवलेली आहे. तो माझ्या मुलानेच आखला आहे आणि त्याचे म्हणणे असे, की सभागृहात कुठेही बसलेल्या माणसाला देव दिसला पाहिजे. त्यावरून आमच्याकडे चांगलाच वाद झाला. आज जे बोलणार आहे, ते त्या वादातून आणि नातीच्या प्रश्नातून सुचलेले आहे.

खिडकी का नाही, याचे पहिले उत्तर दगडाच्या वजनात आहे. आपल्या जुन्या देवळांच्या बांधणीत दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेतात आणि शेवटी उरलेले तोंड एका शिळेने बंद करतात. आत झुकलेला प्रत्येक दगड वरच्या दगडांच्या भाराखालीच जागच्या जागी राहतो. अशा रीतीने फार मोठी पोकळी झाकता येत नाही, आणि वर उंच शिखर उभे करायचे तर खालच्या भिंती जाडच हव्यात. त्यांना मोठी भोके पाडणे धोक्याचे असते.

हे प्रमाण किती काटेकोरपणे सांगितलेले आहे, ते आपल्या शेजारच्या अवंतीच्या वराहमिहिराकडून ऐकण्यासारखे आहे. सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त प्रासादांवर, म्हणजे देवळांवर, एक अध्याय आहे. त्यात म्हटले आहे की देवळाची जेवढी रुंदी, तिच्या निम्मा गाभारा असावा आणि उरलेल्या जागेत चारही बाजूंच्या भिंती याव्यात. दाराची रुंदी गाभाऱ्याच्या पाव असावी, उंची त्या रुंदीच्या दुप्पट असावी, आणि देवळाची उंची त्याच्या रुंदीच्या दुप्पट असावी. आता बारा हातांचे चौरस देऊळ धरा. हात म्हणजे साधारण दीड फूट, तेव्हा देऊळ अठरा फुटांचे झाले. गाभारा नऊ फुटांचा आणि प्रत्येक भिंत साडेचार फूट जाडीची. क्षेत्रफळ काढले तर तीन हिस्से दगड आणि फक्त एक हिस्सा मोकळी जागा. दार सव्वादोन फूट रुंद आणि साडेचार फूट उंच, म्हणजे एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत जाणार. वर देऊळ छत्तीस फूट उंच. सगळीच देवळे या मापाने बांधलेली नाहीत, पुढे प्रमाणे पुष्कळ बदलली. पण एवढ्या दगडाच्या पोटात एवढीशी पोकळी ठेवायची, ही कल्पना त्यात स्वच्छ दिसते.

माझा मुलगा म्हणाला, "आई, हे सगळे दगडाच्या मर्यादेमुळे होते. आता आपल्याकडे काँक्रीट आहे, तेव्हा ती मर्यादा उरलेली नाही." त्याचे म्हणणे चूक नाही, आणि म्हणूनच मला पुन्हा चतुर्भुज मंदिराकडे जावेसे वाटते. ते देऊळ बांधलेलेच नाही. इ. स. 876 च्या सुमारास, प्रतिहार राजा भोजाच्या काळात, किल्ल्याचा रक्षक अल्ल याने ते अखंड कातळातून कोरवून घेतले. दगडावर दगड चढवायचाच नव्हता, तेव्हा थर कोसळण्याची भीती नव्हती आणि पाठीमागे उभा डोंगर होता. कारागिरांना वाटते तर नुसते एक प्रशस्त, उजेडाचे दालन कोरून देता आले असते. तरीही त्यांनी जेमतेम बारा फुटांचे चौरस देऊळ कोरले, पुढे चार खांबांचा लहानसा मंडप ठेवला, आत अंधारा गाभारा ठेवला आणि वर कातळातूनच शिखर काढले. जे शिखर कोणताही भार पेलत नाही आणि ज्याची बांधकामाला काहीही गरज नाही, ते शिखर एवढ्या कष्टाने का कोरायचे? याचा अर्थ हा आकार दगडाने लादलेला नव्हता. तो हवा होता.

तो का हवा होता, हे शिखराच्या जागेवरून कळते. शिखर सभामंडपावर नसते, ते गाभाऱ्यावर असते. जिथे शंभर माणसे बसतात तिथले छत बसके असते आणि जिथे कोणी बसत नाही तिथे सर्वांत उंच बांधकाम असते. वर सहस्रबाहूच्या मोठ्या देवळात, ज्याला आपण सास-बहू म्हणतो, हा फरक उलट बाजूने पाहायला मिळतो. 1093 चा शिलालेख असलेल्या त्या देवळाचे शिखर पडून गेले आहे आणि मंडप मात्र भक्कम उभा आहे. इतका सुंदर मंडप असूनही लांबून पाहताना देव नेमका कुठे आहे, हे पटकन उमगत नाही. शिखर हे त्याच एका जागेचे वर काढलेले रूप आहे. वराहमिहिराने दिलेल्या वीस प्रकारच्या प्रासादांत पहिली तीन नावे मेरू, मंदर आणि कैलास अशी पर्वतांची आहेत. देऊळ म्हणजे पर्वत आणि गाभारा म्हणजे त्याच्या पोटातली गुहा, अशी ती कल्पना आहे. शिखराच्या माथ्यावरच्या आमलक आणि कळसापासून खाली सरळ ओळंबा सोडला तर तो गाभाऱ्यात उतरतो.

शिखराला आणखी एक काम होते आणि ते सांगताना वाईटही वाटते. पंढरपुरात आत पोचता आले नाही तर माणसे कळसाचे दर्शन घेऊन परततात. आपल्या आज्यांनी ते समाधानाने केले. पण चोखोबांना आणि त्यांच्यानंतरच्या कित्येक पिढ्यांना तेवढेच दर्शन शिल्लक ठेवलेले होते. 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. लहान दार आणि अंधारा गाभारा यांचे गुणगान करताना, त्याच दाराने माणसे अडवली गेली, हे मी विसरू इच्छित नाही. माझ्या मुलाच्या काचेमागे ही सल आहे, हे मला त्या वादातच कळले, आणि त्याबद्दल मला त्याचा अभिमान वाटतो.

तरीसुद्धा काचेतून सगळ्यांना देव दिसेल, म्हणजे सगळ्यांना दर्शन घडेल का? उन्हातून आपण मंडपात येतो, तिथे उजेड निम्मा होतो. अंतराळात, म्हणजे गाभाऱ्याच्या पुढच्या चिंचोळ्या जागेत, तो आणखी कमी होतो. उंबऱ्याशी पोचल्यावर पहिल्यांदा फक्त समईची ज्योत दिसते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात, मग मुकुट, मग डोळे, मग हात दिसू लागतात. आरतीचे तबक फिरू लागले की पायांपासून मुखापर्यंत मूर्ती उजळत जाते. तेवढा वेळ आपण हलत नाही, आणि आपण पाहत असतो तेव्हा तिकडूनही आपल्याकडे पाहिले जात असते. मूर्तीची प्रतिष्ठा करताना शलाकेने नेत्रोन्मीलन करतात, ते याचसाठी. डोळे उघडण्याआधी ती शिल्पकाराची कृती असते. डोळे उघडले की तिची नजर कोणावर पडते, याला अर्थ येतो. म्हणूनच पिंडी आणि नंदी यांच्यामधून आपण जात नाही, आणि नैवेद्याच्या वेळी पडदा ओढतो. आपण उभे राहून पाहतो हे दर्शनाचे अर्धेच अंग आहे. झगझगीत दिव्यांखाली, चालता चालता मोबाइल उंचावून जे घडते, त्यात मूर्ती लख्ख दिसते, पण आपण तिच्यासमोर उभेच राहत नाही. हे मी आपल्यालाच सांगते आहे, कारण मागच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी पुढच्या दोन रांगांत हात जोडलेली माणसे मोजकीच होती आणि बाकीचे हात वर होते.

आता प्रदक्षिणेकडे येते, कारण मला खरी चिंता तिची आहे. खजुराहोच्या कंदारिया महादेवात गाभाऱ्याभोवती आतूनच वाट आहे आणि तीन बाजूंच्या सज्जांतून तिथे उजेड येतो. आपल्या तेली मंदिरासारख्या देवळांत आतली वाट नाही, तिथे बाहेरून फिरायचे. दोन्हीकडे देव उजव्या हाताला ठेवूनच चालायचे असते. चालताना दक्षिण, पश्चिम आणि उत्तर भिंतींच्या मध्यावर देवकोष्ठे, म्हणजे मूर्तींचे कोनाडे, येतात. त्यांत शंकराच्या देवळात बहुधा गणपती, कार्तिकेय आणि पार्वती असतात, विष्णूच्या देवळात वराह, नरसिंह आणि त्रिविक्रम असतात. कोष्ठाला चौकट असते, वर लहानसे शिखर असते, जणू त्या बाजूनेही देवाचे दार आहे. आत जे एकाच दारातून अंधारात दिसले, ते बाहेर लख्ख उजेडात तीन दिशांना उलगडत जाते. महादेवाला तर अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते ती पन्हळ ओलांडायची नाही, म्हणून तिथपर्यंत जाऊन उलटे फिरायचे. ही सोमसूत्री प्रदक्षिणा इथल्या प्रत्येक घरात लहानपणीच शिकवलेली आहे. प्रदक्षिणेत देव दिसत नाही. देव भिंतीपलीकडे आहे हे ठाऊक ठेवून त्याच्याभोवती चालायचे असते, आणि नातीच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला इथे सापडले. भिंतीला खिडकी असती तर तिथेच थांबून सगळे पाहिले असते आणि फेरी पूर्ण करण्याचे कारण उरले नसते.

आणि आपल्या मंदिराची मागची वाट? तिथे मखराच्या चौकटी, मांडवाचे बांबू, सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत. कित्येक वर्षे आपण जागच्या जागी उभे राहून स्वतःभोवती गिरकी घेतो आणि पुढे होतो. आजच्या मुलांना तीच प्रदक्षिणा वाटते. नव्या नकाशात ती वाट कोठाराला जोडून टाकली आहे आणि गाभारा मागच्या भिंतीला टेकवला आहे. काचेबद्दल माझा मुलगा आता विचार करायला तयार आहे, तो म्हणतो दार मोठे ठेवू आणि भिंती ठेवू. पण वाटेबद्दल तो जे विचारतो त्याचे उत्तर माझ्याकडे नाही: भूखंड वाढणार नाही, सामान ठेवायला दुसरी जागा नाही, आणि वाट सोडली तर सभागृहातल्या बसायच्या दोन रांगा कमी होतात. उत्सवाच्या दिवशी त्या रांगांतली माणसे बाहेर उन्हात उभी राहतील, आणि त्यांत वयस्करच जास्त असतील. पुढच्या बैठकीत नकाशा मंजुरीला येणार आहे. त्याआधी आपल्यापैकी ज्यांच्या वाड्यात किंवा गोदामात त्या सामानापुरती एखादी खोली रिकामी असेल, त्यांनी कार्यकारिणीला कळवावे, एवढीच माझी विनंती आहे.