प्रश्नाचा पत्ता: दहावीच्या भूमितीची प्रश्नपेढी

आपण सारे दहावीला भूमिती शिकवणारे आहोत, तेव्हा समरूपतेची प्रमेये मी पुन्हा सांगत बसत नाही. मी पहिली प्रश्नपेढी केली ती प्रकरणवार. जुन्या प्रश्नपत्रिका कापून ‘समरूपता’, ‘वर्तुळ’ असे लखोटे भरले. सराव भरपूर झाला, आणि तरीही सहामाहीत वर्गातील बहुतेकांचे एकच गणित चुकले. ते मी फळ्यावर मांडतो.

△ABC मध्ये रेख DE || बाजू BC आहे, D हा AB वर आणि E हा AC वर आहे, आणि AD : DB = २ : ३. △ADE आणि △ABC यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर ४ : २५ येते, कारण ते त्रिकोण समरूप आहेत आणि AD : AB = २ : ५ आहे. △ADE आणि △DBE यांचे मात्र २ : ३ च राहते, कारण E हा शिरोबिंदू सामाईक असल्याने उंची एकच, म्हणून क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात. मुलांनी येथे ४ : ९ लिहिले होते. दोन्ही प्रश्न माझ्या एकाच लखोट्यात होते. ‘क्षेत्रफळांचे गुणोत्तर’ हा शब्द दिसला की वर्ग करायचा, ही सवय त्या लखोट्यानेच लावली होती. याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून आता मी आधी उत्तर पूर्ण लिहितो, प्रत्येक पायरीपुढील कंसातले कारण वाचतो, आणि ज्या कारणावाचून उत्तर अडते त्याच्या नावाने गट करतो. वरच्या आकृतीत △ADE आणि समलंब चौकोन DBCE यांचे गुणोत्तर विचारले तर ४ : २१ येते, वजाबाकी शेवटी असली तरी अडणारी पायरी समरूपतेची आहे, म्हणून तो प्रश्न पहिल्या गटात जातो. केंद्रापासूनचे अंतर आणि त्रिज्या देऊन स्पर्शिकाखंडाची लांबी विचारणारा प्रश्न छापलेला असतो ‘वर्तुळ’ प्रकरणात. पण काटकोन दिसल्यावर उरते ते पायथागोरसच. तेथे अडणारी पायरी स्पर्शिका-त्रिज्या प्रमेयाची, म्हणून मुख्य गट तो, आणि पायथागोरसच्या गटात फक्त प्रश्नाचा क्रमांक टिपायचा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. नुसते आकडे बदलून आलेले प्रश्न एकदाच घ्यावेत आणि पुढे वर्षे लिहावीत. २०१८ साली पुस्तक बदलले, म्हणून त्याआधीचा प्रत्येक प्रश्न आजच्या पुस्तकाशी ताडून मगच घ्यावा. गट नीट झाला का, हे मुलेच सांगतात: एकाच गटातील एक प्रश्न सहज सोडवणारी मुले दुसऱ्यापाशी सरसकट अडखळली, तर तेथे दोन संकल्पना एकत्र पडल्या आहेत, आणि तो गट फोडावा लागतो. समरूपतेचा माझा लखोटा असाच फुटत गेला आणि आज त्याचे चार झाले आहेत. ते मी सोबत आणले आहेत. चहाच्या वेळी उघडून पाहावेत.