बावीसची गोटी

(दृश्य: कडुनिंबाखाली उभा ट्रॅक्टर. मागे नांगरून ठेवलेलं काळं रान.)

यवतमाळ जिल्हा. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळचे आठ वाजलेत आणि लोखंडाला हात लावायची सोय आताच राहिलेली नाही. मृग तोंडावर आलाय. त्याआधी ऑइल बदलायचं, एवढंच ठरलं होतं.

(दृश्य: इंजिनाखालून चेंबर. मधोमध तेलकट बोल्ट.)

हा इंजिनाच्या तेलाच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट; जुनं तेल सोडायचं ते इथून. त्याला सहा कोपरे होते. आता तो आवळ्यासारखा दिसतो. शेजारी छन्नीचे दोन ताजे घाव आहेत; ते आम्ही पोहोचायच्या आधी पडले.

घरमालक काकाजी सांगतात, दोन वर्षांपासून इथून तेल गळत होतं. "थेंब दिसला का आवळला. थेंब दिसला का आवळला." बोल्टाखाली तांब्याचा वॉशर असतो. तांबं मऊ असतं, दाबलं की दोन्ही बाजूंना चिकटून बसतं आणि तेल अडवतं. एकदा चपटा झालेला वॉशर पुन्हा तसा बसत नाही. मग कितीही आवळा, थेंब येणारच. वाढतो तो फक्त बोल्टावरचा ताण.

मिस्त्री उकिडवे बसतात, बोल्टावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "पहिले वॉशर बदलाचा होता, काकाजी. तुमी पानाच फिरवत बसले."

(दृश्य: गोणपाटावर मांडलेले पाने. मिस्त्रींच्या हातात तेवीसचा रिंग पाना.)

आता या पान्याची गोष्ट. हा जुन्या बनावटीचा ट्रॅक्टर, त्याचा बोल्ट इंचाच्या मापाचा. डोकं सात अष्टमांश इंच, म्हणजे 22.2 मिलिमीटर. घरातले पाने मिलिमीटरचे. बावीसचा चढला नाही, म्हणून तेवीसचा लावला. तो आरामात चढला आणि तिथंच घात झाला. पान्यात आणि बोल्टात पाऊण मिलिमीटरची फट राहिली. त्यातून पाना बारा कोनांचा. असा पाना बोल्टाच्या सपाट बाजूला जेमतेम टेकतो, सगळा जोर कोपऱ्याच्या टोकावर येतो. टोक झिजलं की पाना घसरतो आणि घसरताना उरलेला कोपराही घेऊन जातो.

आणखी एक गोष्ट काकाजी हसत हसत कबूल करतात. मिस्त्रींनी दाखवल्यावरच ती त्यांच्या ध्यानात आली. ते बाजूला बसून, वरून हात घालून पाना फिरवायचे. बोल्टाचं डोकं जमिनीकडे तोंड करून असतं. खालून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. वरून पाहणाऱ्याला तीच दिशा घड्याळाची दिसते. थोडक्यात, सोडवताना काकाजी काही वेळ आवळतच होते.

(दृश्य: चाकांना दगडांची ओट. किल्ली खिशात जाते. पातळ नळी ऑइल पाहायच्या काडीच्या जागी शिरते.)

मिस्त्री बोल्टाला अजून हात लावत नाहीत. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलंय. तेल कोमट झालंय, पातळ झालंय, हात भाजेल इतकं तापलेलं नाही. ऑइल पाहायची काडी काढून त्या भोकातून नळी तळापर्यंत सोडली आणि हातपंपानं तेल वरूनच ओढायला घेतलं. चेंबरमध्ये सात लिटर आहे. साडेपाच लिटर कॅनमध्ये आलं आणि नळी हवा ओढू लागली.

पुढं हातोडी चालणार आहे. बोल्ट अचानक निसटला किंवा चेंबरला तडा गेला, तर सात लिटर तेल अंगावर येण्याऐवजी दीड लिटर येईल, आणि ते ट्रेमध्ये मावेल.

(दृश्य: ताडपत्री, तिच्यावर आडवा कापलेला कॅन, कडेनं कापसाची वळी.)

खाली ताडपत्री. तिच्यावर पाच लिटरचा कॅन आडवा कापून केलेला ट्रे. आणि भोवती हे, जे फक्त याच मुलखात सुचावं: कवडी. वेचणीच्या शेवटी उरलेला, डागी, भाव न मिळालेला कापूस. न धुतलेल्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे तो पाणी झटकतो, पण तेल पितो. मिस्त्रींनी त्याची दोरीसारखी वळी करून ट्रेभोवती मांडली आहे.

(दृश्य: काळी, जाड गोटी. तोंडातले सहा कोन जवळून.)

आणि ही बावीसची गोटी, बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना. सहा कोनांची, जाड भिंतीची, ठोकून चालणारी. तीच बावीस, जी बोल्टाला कोपरे होते तेव्हा चढत नव्हती. आता कोपरे गेलेत, सपाट बाजू मात्र उरल्यात. माप किंचित कमी असल्यामुळे ती त्या बाजूंना करकचून धरणार आहे. चकचकीत पातळ गोटी इथं चालत नाही, ठोकताना फाटते.

आधी तारेच्या ब्रशनं बोल्टावरची माती काढली. मग गोटी सरळ धरून खालून हातोडीचे ठोके. ठोका भक्कम, पण गोटी तिरपी होऊ द्यायची नाही.

(आवाज: ठक, ठक, ठक. चौथ्या ठोक्याला आवाज बद्द होतो.)

हा बदललेला आवाज ऐका. गोटी तळाला टेकली. या ठोक्यांनी दुसरंही एक काम होतं: आट्यांत बसलेली पकड हादरते.

आता लांब हँडल. डावा तळवा गोटीखाली, ती वर दाबून धरलेली. उजव्या हातानं हँडल स्वतःकडे. मिस्त्री पडूनच बोलतात, "झटका नाई द्याचा. वजन द्याचं, अन् वाट पाहाची."

(दृश्य: हँडल. तीन सेकंद काहीच नाही. मग कट्ट.)

सुटला. पाव फेरा, अर्धा फेरा. पुढचं हातानं. शेवटच्या आट्याला मिस्त्री गोटी वर दाबून ठेवतात आणि एकदम बाजूला घेतात. काळी धार ट्रेमध्ये पडते. कापसाला चार शिंतोडे लागलेत, ताडपत्री कोरडी आहे.

बावीसची घसरली असती, तर उलट्या धारांची बोल्ट काढायची गोटी पेटीत होती. तीही फिरली असती तर बोल्टावर नट वेल्डिंग करून बोल्ट काढायचा. पण ते तेल पूर्ण रिकामं करून, बॅटरीची तार सोडून, गॅरेजमध्ये. तेलाच्या वाफेजवळ ठिणगी नको.

(दृश्य: गोटीत अडकलेला बोल्ट. मागच्या चौकोनी भोकातून सळई घालून ठोकला जातो.)

बोल्ट गोटीत रुतून बसलाय. तो निघाल्यावर पहिलं काम आटे पाहणं. बोल्टाच्या आट्यांत चेंबरच्या धातूचे चमकते तुकडे गुंतले असतील, तर चेंबरचेच आटे गेले असं समजायचं. इथं फक्त काळा चिखल निघाला.

नवा बोल्ट जुना दाखवून आणलाय, कारण इंचाचा आटा आणि मिलिमीटरचा आटा डोळ्यांना सारखेच दिसतात. नवा तांब्याचा वॉशर. बोल्ट बोटांनीच चार फेरे आत गेला. तिथं अडकला असता तर पाना लावायचाच नव्हता. मग सात अष्टमांशची सहा कोनी गोटी, आखूड हँडल. वॉशर दबल्याचं हाताला कळलं की थांबायचं.

जुनं तेल झाकणबंद कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे. नाल्यात नाही, बांधावर नाही, विहिरीजवळ तर नाहीच. तेल प्यालेला कापूसही त्याच्यासोबत, वेगळ्या डब्यात.

(दृश्य: नवं तेल भरलेलं. इंजिन सुरू. चेंबरखाली कोरं पुठ्ठं सरकवलं जातं.)

इंजिन पाच मिनिटं चाललं. काकाजी पुठ्ठं ओढून उन्हात धरतात, दोन्ही बाजूंनी पाहतात, आणि पुन्हा आत सरकवतात.

"राहू दे रातभर," ते म्हणतात. "सकाळी पाहू."