लोगो झाकून वाचा

ब्रँडचा आर्किटाइप, म्हणजे त्याचा मूळ स्वभाव, ठरवायला बसलं की बारा स्वभावांचा तक्ता भिंतीवर लागतो: वीर, ज्ञानी, पालनकर्ता, बंडखोर वगैरे. मग मालकाला जो आवडतो तो निवडला जातो. मला हे फार खटकतं, कारण त्या खोलीत ग्राहक नसतो.

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं उदाहरण घेऊ. त्यांनी ‘पालनकर्ता’ निवडला होता आणि जाहिरातीची ओळ होती, ‘तुमची काळजी, आमची जबाबदारी’. आता लोगो झाकून त्याच ओळीवर शेजारच्या हॉस्पिटलचं नाव ठेवा. ओळ तितकीच खरी वाटते, म्हणजे हा स्वभाव त्या लॅबचा नाही, अख्ख्या धंद्याचा आहे. आरोग्यक्षेत्रात ही चूक सर्रास होते.

या लॅबचं काम करताना आम्ही ग्राहकांना ‘आमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?’ असं विचारलंच नाही. अशा प्रश्नाला लोक सुचेल ते छान उत्तर देतात. त्याऐवजी विचारलं, ‘मागच्या वेळी इथे आलात तेव्हा काय काय घडलं, सांगा.’ लॅब सोडून गेलेल्यांनाही विचारलं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवली. प्रेमळपणाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. एक काकू म्हणाल्या, ‘पोटॅशियम जास्त आलं, तर रिपोर्ट न देता त्यांनी फोन करून पुन्हा रक्त घेतलं, पैसे न घेता.’ सॅम्पलमधल्या रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. अशाच गोष्टी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, तेव्हा रोख ‘ज्ञानी’कडे वळला.

मग प्रोफाइल लिहिलं. ग्राहकाची भीती: चुकीच्या आकड्यावर औषध सुरू होईल. वचन: शंका असेल तर रिपोर्ट अडवू. आणि या स्वभावाची काळी बाजू: तुसडेपणा, न कळणारी भाषा.

एवढ्यावर थांबू नका, कारण अजून कंपनीचं आतलं वागणं तपासायचं असतं. तिथे मी एकच गोष्ट शोधते: या स्वभावापायी कंपनीने पदरचं काय सोडलं? रिपोर्ट अडवल्याने या लॅबचे काही ग्राहक तुटले होते, तरी नियम टिकला. हा भक्कम पुरावा. पण घरी जाऊन रक्त घेणाऱ्या मुलांचा इन्सेंटिव्ह दिवसाला किती सॅम्पल आणली यावर होता. घाईत काढलेलं, गाडीत हिंदकळलेलं रक्त पुढे अनेकदा शंकास्पद निघतं. शिवाय काउंटरवर कुणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे, ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा.’ म्हणजे ज्ञान प्रयोगशाळेत होतं, दारात नव्हतं.

म्हणून मी त्यांना जाहिरात थांबवायला सांगितली. आधी नाकारली जाणारी सॅम्पल जितकी कमी, तितका इन्सेंटिव्ह जास्त असं ठरवा, आणि रोज दुपारी ठरलेला एक तास डॉक्टरीणबाईंनी रुग्णांचे फोन घ्यावेत. हे दोन्ही सुरू झाल्यावर पुन्हा ग्राहकांशी बोलू, आणि नवी ओळ त्यांच्याच शब्दांतून काढू.