दारातलं पहिलं मिनिट

मागच्यांनी पुढे या, पंखा इकडेच आहे. संयोजकांनी मला वीस मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय एका मिनिटाचा: दारोदार पाणी शुद्ध करायची मशीनं विकताना दारातलं पहिलं मिनिट. म्हणजे एकोणीस मिनिटं माझी.

तर आधी माझं दुखणं. तुमच्यातल्या किती जणांच्या बॅगेत ते सळ्यांचं यंत्र आहे? हात वर करू नका, तुमचे साहेब बसलेत. दोन ग्लास घ्यायचे, एकात घरातलं नळाचं पाणी, दुसऱ्यात आपल्या मशीनचं आरओचं. लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या बुडवायच्या, प्लग लावायचा. थोड्या वेळात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर गाळाचा थर. काकूंचा चेहरा पडला की म्हणायचं, 'बघा, हे पिता तुम्ही.'

अहो, ती घाण पाण्यातली नाहीच, सळीतली आहे! पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. बास, एवढीच जादू.

कोथरूडला एका पोराने हा खेळ लावला. समोर निघाल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं, चहासुद्धा दिला. मग स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्याच शुद्ध पाण्यात टाकलं आणि म्हणाल्या, 'आता लाव बाळा प्लग.' लावला. तोच गाळ! आता मीठ म्हणजे काही घाण नाही, रोज आमटीत घालतो आपण. पोरगा सळ्या गुंडाळून निघाला, पण बाई थांबतायत होय? संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सगळी हकीकत. पुढे कोणीही बॅग घेऊन आलं की वॉचमन गेटवरच विचारायचा, 'सळ्यावाले का?'

हसा, पण नुकसान कुणाचं? त्याच्यामागून जाणाऱ्या सगळ्यांचं. घाबरवून उघडलेलं दार एकदाच उघडतं. आणि ते 'सर्व्हे करतोय', 'महापालिकेकडून आलोय' बंद करा. पहिलंच वाक्य खोटं निघालं, तर मशीनबद्दलचं खरंही कोण ऐकणार?

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? बरं, आता पटापट ऐका.

बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. आयकार्ड छातीवर, सेफ्टी डोअरच्या जाळीतून दिसेल असं. मग म्हणायचं, 'नमस्कार काकू, मी पाण्याची मशीनं विकतो. आत येत नाही. तुम्हाला मशीन लागतं का, एवढं इथूनच तपासून सांगतो. पाणी कॉर्पोरेशनचं येतं का टँकरचं?' विकायला आलोय हे पहिल्या दमात सांगितलं की त्यांचा संशय निम्मा उतरतो, कारण त्यांना ते आधीच कळलेलं असतं. प्रश्नाचं उत्तर त्यांना हमखास ठाऊक असतं, टँकरचं असेल तर तक्रारीसकट. ती ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

मग नळाचं ग्लासभर पाणी मागा आणि टीडीएस मीटर त्यांच्याच हातात द्या. आकडा त्यांनी वाचायचा, तुम्ही नाही. लगेच हे वाक्य: 'काकू, हा आकडा फक्त क्षारांचा आहे, जंतू यात दिसत नाहीत.' हे कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा.

समजा, कॉर्पोरेशनच्या पाण्याला मीटरने 110 दाखवलं. भारतीय मानकात चांगली मर्यादा 500 ची. तर स्पष्ट म्हणा, 'तुम्हाला आरओ नको. उगाच पाणी वाया जाईल. जंतूंसाठी यूव्हीचं साधं मशीन पुरे, किंवा उकळत असाल तर तेही चालेल.' हो, महागडं मशीन हातचं गेलं. पण आता शेजारच्या दाराची बेल त्याच काकू वाजवतील. बोअर किंवा टँकरच्या पाण्याला 850 आलं, तर आरओचं बोला, पण वाया जाणाऱ्या पाण्याचं आधी सांगा. ते भांडी-फरशीला वापरता येतं, तरी एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती मशीन दोन-तीन लिटर सोडतं. हे त्यांना नंतर मोरीत दिसण्याऐवजी आत्ता तुमच्या तोंडून कळू दे.

मीटर दुपारभर उन्हात बॅगेत राहिला, इलेक्ट्रोड पुसला नाही, तर आकडा चुकतो. दर घरानंतर साध्या पाण्यात बुडवून झटका. सेल उतरत आला की आकडा स्थिर राहत नाही, तेव्हा मोजूच नका.

किंमत? त्यांनी विचारेपर्यंत नाही. विचारली की मशीनची आणि वर्षाच्या सर्व्हिसची, दोन्ही एका वाक्यात. घड्याळ दाखवू नका हो, संपलं. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलावर या, सळ्या बाहेर ठेवून.