‘जर्मन येतं का?’ याचं उत्तर कसं द्यावं

नमस्कार श्रोतेहो.

मराठीत भाषा ‘येते’ किंवा ‘येत नाही’. पोहणं येतं, सायकल येते, तशी कानडी येते, गुजराती येते. कुणी विचारलं, ‘तुला जर्मन येतं का?’ तर आपण म्हणतो, ‘थोडं थोडं येतं’, ‘कामापुरतं येतं’, नाहीतर ‘बिगिनर आहे अजून’. पुण्यात मी बरीच वर्षं जर्मन शिकवते आहे आणि ही तिन्ही उत्तरं रोज ऐकते. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण या उत्तरांतून समोरच्याला काहीच कळत नाही. ‘थोडं थोडं’ म्हणजे किती? बेकरीत पाव मागता येतो एवढं, की डॉक्टरांना दुखणं सांगता येतं एवढं?

माझ्या वर्गातली एक मुलगी मिरजेची. नर्सिंगचं शिक्षण झालेलं, चार वर्षं वॉर्डात काम केलेलं, आणि आता जर्मनीला जायची तयारी चाललेली. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ पातळीचं जर्मन लागतं. ती तेव्हा बी-१ च्या वर्गात होती. एका नोकरीच्या अर्जात ‘भाषा’ असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं, ‘जर्मन : मध्यम’. मग फोनवर मुलाखत झाली आणि ती रडवेली होऊन वर्गात आली. म्हणाली, ‘मॅडम, बाई काय विचारतायत तेच कळेना. मला जर्मन येतच नाही.’

आदल्या दिवशी ‘मध्यम’, दुसऱ्या दिवशी ‘येतच नाही’. दोन्ही चूक होतं. त्या संध्याकाळी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. काय केलं ते सांगते. पण त्याआधी हे ए, बी, सी कुठून आलं ते थोडक्यात सांगायला हवं.

स्ट्रासबर्गला कौन्सिल ऑफ युरोप नावाची संस्था आहे. युरोपियन युनियन ती वेगळी, ही वेगळी. या संस्थेने २००१ साली भाषांसाठी एक सामाईक चौकट प्रसिद्ध केली. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ या सहा पातळ्या तिथल्या, ए-१ सगळ्यात खालची आणि सी-२ सगळ्यात वरची. आपण त्यातली फक्त अक्षरं उचलली. पण त्या चौकटीचा जीव अक्षरांत नाही, प्रत्येक अक्षराखाली लिहिलेल्या वाक्यांत आहे. ती सगळी वाक्यं ‘मला अमुक करता येतं’ अशी आहेत. आणि ती कुणी खुर्चीत बसून ठरवलेली नाहीत. नव्वदच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन नॉर्थ आणि ग्युंटर श्नायडर या दोघांनी शेकडो शिक्षकांपुढे अशी वाक्यं चिठ्ठ्यांवर ठेवली आणि विचारलं, हे वाक्य कळतं का, कुठल्या पातळीचं वाटतं, तुमच्या विद्यार्थ्यांना हे जमतं का? ज्या वाक्यावर शिक्षकांचं एकमत होईना ते गळालं. म्हणून उरलेली वाक्यं साधी आणि पारखलेली आहेत.

त्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. खालच्या पातळ्यांवर वाक्यात अट असते. ए-१ चं संभाषणाचं वाक्य साधारण असं आहे : समोरचा माणूस सावकाश बोलायला, पुन्हा सांगायला आणि मला शब्द शोधायला मदत करायला तयार असेल, तर मला साधं बोलता येतं. ए-२ ला म्हटलंय की रोजच्या ठरावीक कामांपुरतं बोलता येतं, पण संभाषण आपल्या बळावर पुढे नेण्याइतकं सहसा समजत नाही. बी-१ ला ओळखीच्या विषयावर तयारी न करता संभाषणात उतरता येतं. पातळी चढत जाते तसा समोरच्यावरचा भार कमी होत जातो. तेव्हा अट गाळून नुसतं ‘बोलता येतं’ म्हणणं म्हणजे अर्धंच सांगणं.

तर आम्ही कागदावर पाच रकाने आखले. ऐकणं, वाचणं, दुसऱ्याशी बोलणं, स्वतः सलग बोलणं आणि लिहिणं. बोलण्याचे दोन रकाने का, हे नवख्याला कळत नाही. पण हिची सगळी गोम तिथेच होती. स्वतःचं शिक्षण, वॉर्डातला दिवस, जर्मनीला का जायचंय, हे ती तीन मिनिटं सलग आणि छान सांगायची. वर्गात हे ऐकून सगळे म्हणायचे, हिचं जर्मन मस्त आहे. ते तिचं घोटलेलं होतं. मध्ये कुणी प्रश्न टाकला की गाडी अडायची.

वाचन तिचं सगळ्यात पुढे. ड्यूटीचं वेळापत्रक, सहकाऱ्याचा निरोप, दवाखान्यातलं सूचनापत्र, हे ती शब्दकोश क्वचित उघडून वाचायची. तिथे बी-१ लिहिलं. लिहिण्यात ‘शनिवारी माझी पाळी तू घेशील का, मी तुझी रविवारची घेते’ एवढा निरोप तिने माझ्यासमोर दहा मिनिटांत लिहिला. कारण दिलं, आभार मानले, दोन प्रत्यय चुकले, पण अर्थ कुठे अडला नाही. छोटा निरोप आणि आभाराचं पत्र, हे ए-२ चं लिखाण. ते तिला पक्कं येत होतं.

मग ऐकणं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी राहिले, म्हणजे तिला माझे ओठ दिसू नयेत, आणि फोनवर बोलतात तशा वेगाने एक निरोप सांगितला. रुग्णाची खोली सदतीस, उद्या सकाळी रक्त घ्यायचं, उपाशीपोटी, काही अडचण आली तर या नंबरवर फोन करा. तिने सगळं बरोबर लिहिलं, पण खोली लिहिली त्र्याहत्तर.

ही चूक मी जवळजवळ प्रत्येक वर्गात पाहते. जर्मनमध्ये सदतीसला ‘झीबन-उन्ट-ड्रायसिश’ म्हणतात, म्हणजे सात आणि तीस. एकक आधी, दशक मागून. ऐकणारा सात ऐकतो आणि घाईने सात लिहून मोकळा होतो. खरं तर आपल्याला हे जड जायला नको. आपला ‘सदतीस’ही सात आधी सांगतो, तीस मागून. पण ही मुलगी जर्मन आकडा मनात आधी इंग्रजीत नेत होती, थर्टी-सेव्हन, आणि मग कागदावर उतरवत होती. त्या फेऱ्यात आकडे उलटत होते. मी म्हटलं, इंग्रजीचा थांबा गाळ, सरळ मराठीत ऐक. दुसऱ्यांदा तिने सदतीस लिहिलं. फोन नंबरला मात्र तीनदा ऐकावं लागलं, कारण जर्मन लोक नंबर पुष्कळदा दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात.

वॉर्डात खोलीचा किंवा औषधाचा आकडा उलटा ऐकला गेला तर काय होईल हे तिला मी सांगायची गरज नव्हती. म्हणून ही अडचण कागदावर लिहिणं तिला लाजिरवाणं वाटलं नाही, आवश्यक वाटलं. ऐकण्याच्या रकान्यात ए-२ आलं, आणि दुसऱ्याशी बोलण्याच्या रकान्यातही ए-२ च.

आता या पाचांची सरासरी काढायची का? मुळीच नाही. ‘मध्यम’ हा शब्द अशीच सरासरी होती. वाचनाचा बी-१ ऐकण्याच्या ए-२ ला झाकून टाकतो आणि मग फोनवर फजिती होते. जर्मन शिकवणाऱ्या आणि जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे संस्थेची बी-१ परीक्षासुद्धा वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चार वेगळ्या भागांची आहे. प्रत्येक भागाला शंभरपैकी साठ गुण लागतात आणि एकेक भाग वेगळा देता येतो. तरी माणसं म्हणतात, ‘माझं बी-१ झालं.’ कुठल्या भागात एकसष्ट आणि कुठल्या भागात पंच्याण्णव, हे स्वतःशीसुद्धा बोलत नाहीत.

आणखी एक गफलत फार होते. वर्ग पूर्ण झाला म्हणजे पातळी आली, असं समजणं. ‘ए-२ केलंय’ हे तुम्ही भरलेल्या फीबद्दल आणि बसलेल्या तासांबद्दल सांगतं. व्याकरणाची यादीही तशीच. ‘मला डाटिफ विभक्ती येते’ यावरून तुम्हाला औषधाच्या दुकानात काय सांगता येतं ते कळत नाही. आणि एकदा जमलं म्हणजे येतं, असंही नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते, तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या माणसांशी, आधी घोकून न ठेवता जमलं, तरच ‘मला येतं’ लिहा. कधी जमतं कधी नाही, तर तसंच लिहा.

काहीजण उलट बाजूने चुकतात, विशेषतः आपल्याकडचे. उच्चार जर्मन माणसासारखा नाही म्हणून दोन पायऱ्या खाली उतरून बसतात. चौकटीच्या जुन्या वाक्यांत ‘मातृभाषक’ हे माप अधूनमधून येत होतं. २०२० मध्ये आलेल्या पूरक खंडात ते काढून टाकलं. जर्मन माणसासारखं दिसणं-ऐकू येणं हे माप नाही. काम होतं का, आणि समोरच्याला किती मदत करावी लागते, हे माप आहे.

अर्थात जिथे प्रमाणपत्र मागतात तिथे प्रमाणपत्रच लागतं. जोडीदाराच्या व्हिसासाठी सहसा ए-१ चं प्रमाणपत्र मागतात, तिथे स्वतः लिहिलेला कागद चालणार नाही. पण अर्ज, मुलाखत, नव्या वर्गातला प्रवेश, ऑनलाइन गप्पांचा जोडीदार, इथे हा कागद उपयोगी पडतो.

त्या संध्याकाळी तिने ‘जर्मन : मध्यम’ खोडलं आणि त्या जागी जे लिहिलं ते वाचून दाखवते.

‘रुग्णसेवेबद्दलचे साधे मजकूर आणि सूचना मी बहुतेक शब्दकोशाशिवाय वाचते. पाळी बदलण्यासारखे छोटे निरोप लिहिते. माझं काम आणि शिक्षण यांबद्दल सलग तीन मिनिटं बोलते. समोरासमोर, ओळखीच्या विषयावर, समोरची व्यक्ती सावकाश बोलली तर संभाषण करते. फोनवर आकडे आणि नावं पुन्हा सांगावी लागतात. मी ती परत म्हणून खात्री करून घेते.’ खाली महिना आणि वर्ष.

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. नर्स म्हणून तिला ती सवयच होती. औषधाचा आदेश तोंडी मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा.

पुढच्या मुलाखतीत पलीकडच्या बाईंनी हा कागद समोर ठेवलेला होता. पहिल्याच मिनिटाला त्या म्हणाल्या, मी सावकाश बोलते, आणि प्रत्येक आकडा दोनदा सांगते. मुलाखत वीस मिनिटं चालली. तिला अजून वर्ग करायचा आहे, बी-२ अजून लांब आहे. गेल्या आठवड्यात तिने कागद पुन्हा काढला, फोनच्या वाक्यातला ‘आकडे’ हा शब्द खोडला, ‘नावं’ तसंच ठेवलं आणि खाली नवी तारीख घातली.

नमस्कार.